नकारानंतरची उमेदवारी : दारातील प्रतीक्षेपासून लेखी संमतीपर्यंत

सारांश

नोकरीसाठी निवड न झालेल्या व्यक्तीने 'पुढील जागांसाठी माझे नाव ठेवावे' अशी विनंती करणे आणि भविष्यात संपर्क साधण्यास संमती देणे ही आज खाजगी व सार्वजनिक भरतीतील नित्याची बाब झाली आहे. 'टॅलेंट पूल' हा शब्द नवा असला तरी त्यामागील व्यवहार जुना आहे. प्रस्तुत निबंधात भारतातील या व्यवहाराच्या चार अवस्थांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे : कचेरीतील उमेदवार, सेवायोजन कार्यालयाची नोंदवही, लोकसेवा आयोगांची प्रतीक्षायादी आणि २०१८ पासून अमलात आलेली संमतीवर आधारित गुणप्रकटन योजना. नाव ठेवणाऱ्याचे दायित्व प्रत्येक अवस्थेत मर्यादितच राहिले, मात्र नाव देणाऱ्याचा त्या नावावरील अधिकार हळूहळू स्पष्ट होत गेला, असे या विवेचनातून दिसून येते.

प्रस्तावना

नोकरभरतीचा इतिहास सामान्यतः निवड झालेल्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परीक्षा केव्हा सुरू झाली, आयोग केव्हा स्थापन झाला, कोणत्या समाजघटकांना प्रशासनात प्रवेश मिळाला, हे त्याचे परिचित विषय होत. परंतु प्रत्येक निवडीच्या मागे निवड न झालेल्यांचा त्याहून मोठा समूह उभा असतो. त्यांतील काहीजण निघून जातात, काही पुन्हा परीक्षेस बसतात, आणि काहीजण आपले नाव संस्थेच्या स्मरणात राहावे अशी व्यवस्था करू पाहतात. या तिसऱ्या गटाचा अभ्यास क्वचितच झाला आहे.

नाव राखून ठेवण्याच्या या व्यवहाराकडे पाहताना तीन प्रश्न उपयोगी पडतात. नाव राखण्यासाठी उमेदवाराला काय द्यावे लागते? नाव राखणाऱ्यावर कोणते बंधन येते? आणि नाव केव्हा, कोणाच्या इच्छेने काढले जाते? या तीन प्रश्नांच्या आधारे पुढील विवेचन केले आहे.

१. उमेदवार : दारात थांबलेली आशा

'उमेदवार' हा शब्द फारसीतून मराठीत आला. 'उमेद' म्हणजे आशा. ती बाळगणारा तो उमेदवार. आज हा शब्द निवडणुकीला उभा राहणाऱ्यासाठी किंवा परीक्षार्थीसाठी वापरला जातो, परंतु त्याचा जुना अर्थ वेगळा होता. नोकरी मिळेल या आशेने कचेरीत थांबणारा मनुष्य तो उमेदवार. इंग्रजी अमदानीतील अधिकाऱ्यांनाही हा शब्द इतका परिचित झाला होता की १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या आंग्ल-भारतीय शब्दांच्या कोशात त्याला स्वतंत्र नोंद मिळाली. मराठीतील 'उमेदवारी करणे' या प्रयोगाला आजही पगाराशिवाय किंवा नाममात्र मोबदल्यावर काम शिकत राहणे असा अर्थ आहे. जुन्या व्यवहाराची ही खूण भाषेने जपून ठेवली आहे.

एकोणिसाव्या शतकातील कचेरीत उमेदवाराचे स्थान चमत्कारिक होते. तो नोकर नव्हता आणि परकाही नव्हता. तो नकला करी, दप्तर हाताळी, हिशेबाची रीत शिके आणि वरिष्ठांच्या नजरेसमोर राही. कोणी रजेवर गेला, बदलून गेला किंवा मरण पावला तर रिकाम्या जागी आपला विचार व्हावा, एवढीच त्याची अपेक्षा असे. त्याला कोणी स्पष्ट नकार देत नसे, कारण त्याची रीतसर परीक्षाच झालेली नसे. त्याची प्रतीक्षा नकार व निवड या दोहोंच्या अलीकडची होती.

आरंभी मांडलेले तीन प्रश्न येथे विचारले असता उत्तरे सोपी मिळतात. उमेदवार आपला वेळ आणि श्रम देत होता. कचेरीवर कोणतेही बंधन नव्हते. नाव काढण्याचा प्रश्नही नव्हता, कारण नाव कोठे लिहिलेलेच नव्हते. उमेदवार दारात दिसत असे तोवर तो स्मरणात असे. याचा एक सामाजिक परिणाम उघड आहे. ज्याच्या घरी दोन-तीन वर्षे खाण्याची सोय होती, किंवा ज्याचा काका-मामा त्याच कचेरीत होता, त्यालाच थांबणे परवडे. प्रतीक्षेची किंमत वेळात मोजली जात असल्याने ती किंमत देऊ शकणारी घराणीच पुन्हा पुन्हा कारकुनीत येत राहिली. 'वशिला' आणि 'उमेदवारी' हे दोन शब्द मराठीत जवळजवळ नांदले ते याच कारणाने.

स्पर्धापरीक्षेने ही स्थिती पालटली. इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी १८५५ मध्ये लंडनला खुली स्पर्धापरीक्षा सुरू झाली आणि १ ऑक्टोबर १९२६ रोजी भारतात लोकसेवा आयोग स्थापन झाला. परीक्षेमुळे निवडीला गुणांचा आधार मिळाला, पण त्याचबरोबर एक नवी गोष्ट जन्माला आली : निश्चित, क्रमांकित नकार. दारातील उमेदवाराला 'अजून नाही' असे उत्तर मिळे. परीक्षार्थीला 'नाही' असे उत्तर मिळू लागले. नकारानंतर नाव राखण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

२. नोंदवही : 'एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घालणे'

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा सैन्यातून मोकळे होणाऱ्या लाखो सैनिकांना नागरी जीवनात सामावून घेण्याचा प्रश्न सरकारपुढे होता. त्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन करण्यात आले आणि त्याच्या अधिपत्याखाली सेवायोजन कार्यालये उघडण्यात आली. १९४८ मध्ये ही कार्यालये सर्व नोकरी इच्छुकांसाठी खुली झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे देण्यात आला.

उमेदवाराच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता. प्रतीक्षेसाठी आता दारात उभे राहण्याची गरज उरली नाही. शरीराऐवजी कागद थांबू लागला. कार्यालयात 'एक्स-१' या नावाचे निर्देशपत्र भरले जाई. त्यावर शिक्षण, वय, अनुभव आणि इच्छित काम यांची नोंद असे. उमेदवाराच्या हाती 'एक्स-१०' हे ओळखपत्र पडे आणि त्यावर नूतनीकरणाची तारीख लिहिलेली असे. मुदतीत नूतनीकरण झालेल्या नावांच्या संचाला 'चालू नोंदवही' म्हणत. एखाद्या आस्थापनेने रिक्त पद कळविले की कार्यालय चालू नोंदवहीतून पात्र नावे काढी आणि ती पाठवी. लोक याला सरळ 'कॉल आला' असे म्हणत. मॅट्रिक किंवा पदवीच्या निकालानंतर 'एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घालणे' हा महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय व ग्रामीण घरांतील जवळजवळ एक संस्कारच बनला.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. एका ठिकाणी मुलाखतीत निवड न झाल्याने नाव बाद होत नसे. ते नोंदवहीत परत जाई आणि पुढच्या मागणीची वाट पाही. म्हणजेच नकारानंतर पुढील जागांसाठी संपर्क साधला जावा ही इच्छा येथे वेगळी सांगावी लागत नव्हती. ती पद्धतीतच गृहीत होती. उमेदवाराने द्यावयाचे ते फक्त नूतनीकरणाचे सातत्य. ते चुकले की नाव चालू नोंदवहीतून निघे आणि नोंदणीच्या तारखेवरून मिळणारी ज्येष्ठता धोक्यात येई. गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यासाठी एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे मोडावे लागे. प्रतीक्षेची किंमत कमी झाली होती, संपली नव्हती.

बंधनाच्या बाजूने मात्र ही व्यवस्था जितकी भक्कम वाटे तितकी नव्हती. १९५९ चा सेवायोजन कार्यालये (रिक्त पदे सक्तीने अधिसूचित करणे) अधिनियम १ मे १९६० पासून अमलात आला. त्याने सार्वजनिक क्षेत्रातील आणि पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिक्त पदे कळविण्याची सक्ती केली. परंतु त्याच अधिनियमाच्या चौथ्या कलमात, केवळ पद कळविले म्हणून कार्यालयामार्फतच नेमणूक करण्याचे बंधन येत नाही, असेही स्पष्ट नमूद होते. कळविणे सक्तीचे, घेणे ऐच्छिक. शासकीय कार्यालये व्यवहारात दीर्घकाळ कार्यालयाकडून आलेल्या नावांतूनच भरती करीत राहिली. त्यामुळे नोंदणी न केलेल्यांना संधीच मिळत नाही अशी तक्रार निर्माण झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलकापट्टणम येथील अबकारी अधीक्षकांच्या प्रकरणात, कार्यालयाकडून नावे मागविण्याबरोबरच वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी आणि अर्ज करणाऱ्या सर्वांचा विचार करावा, असा निर्णय दिला. त्यानंतर नोंदवहीचे एकाधिकारत्व राहिले नाही.

नोंदवहीची दुसरी मर्यादा तिच्या आशयात होती. नाव घातलेल्यांपैकी पुष्कळांना अन्यत्र काम मिळे, पण चांगल्या नोकरीच्या आशेने ते नाव कायम ठेवीत. काहीजण शिक्षण चालू असतानाच नोंदणी करीत. म्हणून अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी चालू नोंदवहीतील संख्येला बेकारांची संख्या मानण्याविरुद्ध वारंवार सावध केले आहे. नाव राखण्याची सोय झाली, परंतु राखलेले नाव ताजे आहे की शिळे, हे ठरविण्याचे साधन नूतनीकरणाच्या शिक्क्यापलीकडे नव्हते. पुढील काळातील प्रत्येक संचाला हाच दोष चिकटलेला आढळतो. २०१५ मध्ये राष्ट्रीय करिअर सेवा सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९५९ च्या अधिनियमाची जागा घेतली. नोंदवही अशा रीतीने संगणकाच्या पडद्यावर गेली.

३. प्रतीक्षायादी : अपेक्षा आणि हक्क

सेवायोजन कार्यालयातील नाव कोणत्याही एका पदाशी बांधलेले नव्हते. प्रतीक्षायादीतील नाव तसे नसते. तेथे उमेदवाराची परीक्षा झालेली असते, गुण ठरलेले असतात आणि तो निवड झालेल्या शेवटच्या व्यक्तीच्या लगेच खाली असतो. महाविद्यालयीन निवड समितीच्या शिफारशीत दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या अध्यापकाला ही अवस्था चांगली परिचित असते. पहिला रुजू झाला नाही तर आपण, हे त्याला ठाऊक असते. या जवळिकीमुळेच 'आपला हक्क आहे' अशी भावना निर्माण होते आणि हा प्रश्न न्यायालयात जातो.

या संदर्भातील पायाभूत निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३० एप्रिल १९९१ रोजी शंकरसन दाश विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात दिला. १९७७ च्या संयुक्त परीक्षेत गुणवत्तायादीत आलेल्या, परंतु भारतीय पोलीस सेवेत स्थान न मिळालेल्या उमेदवाराचे म्हणणे असे होते की, निवड झालेल्यांपैकी काहीजण रुजू न झाल्याने जागा रिकाम्या राहिल्या असून क्रमाने त्या आपल्याला मिळाल्या पाहिजेत. न्यायालयाने दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. पहिली, यादीत नाव आल्याने नियुक्तीचा अबाधित हक्क प्राप्त होत नाही आणि सर्व रिक्त जागा भरण्यास शासन बांधलेले नाही. दुसरी, जागा न भरण्याचा निर्णय मनमानी असता कामा नये. त्यामागे योग्य कारण हवे आणि जागा भरावयाच्या तर गुणानुक्रम पाळला पाहिजे. उमेदवाराचे अपील फेटाळले गेले, परंतु त्याच्या अपेक्षेला कायद्यात एक मर्यादित, निश्चित स्थान मिळाले.

१९९४ मध्ये गुजरात राज्य उपकार्यकारी अभियंता संघाच्या प्रकरणात न्यायालयाने यादीच्या आयुष्याचा प्रश्न हाताळला. प्रतीक्षायादी हा भरतीचा उगम नव्हे. निवड झालेला उमेदवार रुजू झाला नाही तर त्याची जागा भरण्यापुरतीच ती असते, अशी भूमिका त्यात घेण्यात आली. यामागील तर्क समजून घेणे आवश्यक आहे. यादी अनंतकाळ चालू ठेवली तर नंतरच्या वर्षांत पात्र होणाऱ्यांना स्पर्धेची संधीच मिळणार नाही. जुन्या उमेदवाराचे स्मरण ठेवणे म्हणजे नव्या उमेदवाराला दार बंद करणे ठरू शकते. म्हणूनच नियमांत व जाहिरातींत यादीची मुदत दिलेली असते, आणि ती सामान्यतः एक वर्षाच्या आसपास असते. प्रतीक्षायादीतील व्यक्तीने मुदत वाढवावी म्हणून दिलेले निवेदन भावनिकदृष्ट्या समजण्यासारखे असले तरी त्याला यश मिळणे अवघड असते, ते याच कारणाने.

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतील 'एकत्रित राखीव यादी' हा या पद्धतीचा सर्वांत काटेकोर नमुना होय. ती कशी चालते ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, राखीव प्रवर्गातील दहा उमेदवार कोणतीही सवलत न घेता सर्वसाधारण गुणवत्तेवर निवडले गेले. आयोग पहिल्या टप्प्यात एकूण जागांपेक्षा दहा नावे कमी पाठवितो आणि त्यांच्या खालील गुणानुक्रमाने राखीव यादी तयार ठेवतो. आता या दहांपैकी सात जणांना राखीव प्रवर्गातील जागेवर अधिक पसंतीची सेवा मिळत असेल तर ते ती जागा घेतात. त्यामुळे सर्वसाधारण प्रवर्गातील सात जागा मोकळ्या होतात आणि राखीव प्रवर्गात तीन उरतात. मग राखीव यादीतून सात सर्वसाधारण व तीन राखीव प्रवर्गातील उमेदवारांची शिफारस होते आणि दहाचा हिशेब पूर्ण होतो. या रचनेची वैधता घटनापीठाने ७ मे २०१० रोजी रमेश राम प्रकरणात मान्य केली.

या यादीत येण्यासाठी कोणालाही विनंती करावी लागत नाही आणि कोणाची संमती विचारली जात नाही. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत यादी गोपनीय असल्याने आपण तिच्यात आहोत हेही उमेदवाराला माहीत नसते. संस्थेचे स्मरण येथे परिपूर्ण आहे, परंतु ते पूर्णपणे संस्थेच्याच हिशेबासाठी आहे. हिशेब संपला की यादीही संपते.

४. संमती : अपयशापूर्वी दिलेला होकार

नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीसाठी रिक्त जागांच्या साधारण दुप्पट उमेदवार बोलावले जातात. पूर्व आणि मुख्य परीक्षेची चाळणी पार करून शेवटच्या टप्प्यावर आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे त्यामुळे रिकाम्या हाताने परततात. मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ अशा २०२५ गुणांच्या मोजमापात काही गुणांचाच फरक त्यांना वेगळे करतो. तरीही नोकरीच्या बाजारात त्यांच्यापाशी दाखविण्यासारखे काहीच उरत नाही. निवड न झालेल्याला प्रमाणपत्र नसते.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाच्या निर्णयानुसार आयोगाने गुणप्रकटनाची योजना सुरू केली. २०१७ च्या संयुक्त वैद्यकीय सेवा परीक्षेपासून, ऑगस्ट २०१८ मध्ये तिचा प्रारंभ झाला. मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या पण शिफारस न झालेल्या उमेदवारांपैकी जे इच्छुक असतील त्यांचे गुण, शैक्षणिक पात्रता आणि संपर्काचा तपशील अन्य सार्वजनिक व खाजगी संस्थांना उपलब्ध करून द्यावा, असे या योजनेचे स्वरूप आहे. २०२५ मध्ये तिला 'प्रतिभा सेतू' हे नाव मिळाले आणि नोंदणी केलेल्या संस्थांना उमेदवारांचा शोध घेता येईल असे संकेतस्थळ तयार झाले.

या योजनेतील दोन तरतुदी इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे होकार आणि नकार यांचा पर्याय. परीक्षेच्या अधिसूचनेनुसार उमेदवाराने सविस्तर अर्ज भरतानाच आपली इच्छा नोंदवावयाची असते. नको असल्यास त्याचा तपशील प्रकट केला जात नाही. येथे नाव राखण्याच्या व्यवहारात प्रथमच उमेदवाराचा स्पष्ट होकार हा आरंभबिंदू ठरला. मात्र या होकाराची वेळ विचार करण्याजोगी आहे. सविस्तर अर्ज मुलाखतीपूर्वी भरला जातो, म्हणजे आपली निवड झाली नाही तर काय व्हावे हे उमेदवाराला निवडीच्या आशेत असतानाच ठरवावे लागते. काहींना तो होकार अपशकुनासारखा वाटणे स्वाभाविक आहे. काहीजण अर्जातील असंख्य रकान्यांपैकी एक म्हणून तो भरून टाकतात. पहिल्या प्रकारात संधी निसटते आणि दुसऱ्या प्रकारात संमती केवळ औपचारिक ठरते. निकालानंतर पुन्हा एकदा विचारणा झाली तर ती संमती अधिक अर्थपूर्ण होईल, असे म्हणता येते.

दुसरी तरतूद दायित्वाविषयी आहे. माहिती उपलब्ध करून देण्यापलीकडे, तिचा वापर अन्य संस्था कोणत्या रीतीने करतील याची जबाबदारी आयोग घेत नाही, असे अधिसूचनेत स्पष्ट म्हटले आहे. १९५९ च्या अधिनियमातील 'कळविणे सक्तीचे, घेणे ऐच्छिक' या सूत्राचेच हे नवे रूप आहे. फरक असा की पूर्वी कार्यालयातून पाठविलेले नाव मागणी करणाऱ्या एका आस्थापनेकडे जाई. सार्वजनिक रीत्या प्रकट झालेली माहिती कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही. गुण व संपर्कक्रमांक एकत्र उपलब्ध असल्यास नोकरी देणाऱ्यापूर्वी शिकवणी वर्गाचा किंवा विमा विक्रेत्याचा दूरध्वनी येण्याचा धोका असतो. नोंदणीकृत संस्थांपुरताच प्रवेश मर्यादित करण्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

५. 'दप्तरी दाखल' आणि खाजगी आस्थापना

खाजगी क्षेत्रात या व्यवहाराला पत्रव्यवहाराचे रूप आले. नकाराच्या पत्राच्या अखेरीस 'आपला अर्ज भविष्यातील जागांसाठी आमच्याकडे ठेवण्यात येत आहे' अशा आशयाचे वाक्य घालण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ आहे. मराठी कार्यालयीन भाषेला या वाक्यातील द्व्यर्थ ओळखता येतो. 'दप्तरी दाखल' म्हणजे शब्दशः कागद दप्तरात ठेवला. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ विषय संपला असाच होतो. राखलेला कागद आणि संपविलेला कागद एकाच फडताळात असतात.

हे सौजन्याचे वाक्य आणि खरी राखीव नोंद यांतील भेद काही खुणांवरून ओळखता येतो. खऱ्या नोंदीत कोणत्या प्रकारच्या पदांसाठी नाव ठेवले जाईल हे सांगितलेले असते, किती काळ ठेवले जाईल याची मुदत असते, आणि नाव काढून घ्यावयाचे झाल्यास कोणाला लिहावे याचा उल्लेख असतो. या तीनही गोष्टींचा अभाव असल्यास ते वाक्य शिष्टाचारापुरते समजणे इष्ट.

उमेदवाराच्या उत्तरालाही त्याच तीन अंगांनी आकार येतो. उदाहरणार्थ, एखाद्या संशोधन संस्थेत अभिलेखपालाच्या पदासाठी मुलाखत देऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिलेली उमेदवार निकालानंतर आठवड्याच्या आत पत्र लिहिते, असे मानू. निर्णयाचा स्वीकार एका वाक्यात करून ती पुढे लिहिते की, अभिलेखपाल, ग्रंथपाल किंवा हस्तलिखित सूचीकार या पदांसाठी आपला अर्ज व मुलाखतीचे मूल्यमापन एक वर्षापर्यंत ठेवण्यास आणि त्यासाठी ई-पत्राने संपर्क साधण्यास संमती आहे; अन्य संस्थांना तपशील देण्यास मात्र नाही. असे पत्र संस्थेच्या उपयोगाचे ठरते, कारण नवी जागा निघाल्यावर त्या नावाचा विचार करता येईल की नाही, हे त्यावरून तत्काळ कळते. सहा महिन्यांनी नवी पात्रता मिळाल्यास दोन ओळींचे पत्र पुरते. 'एक्स-१०' वरील नूतनीकरणाच्या शिक्क्याचे काम ते करते. नकाराच्या निर्णयाबद्दल वाद घालणारे किंवा कोणतेही काम चालेल असे सांगणारे पत्र मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही आणि म्हणून दप्तरी दाखल होते. शासकीय किंवा अनुदानित पदाच्या बाबतीत असे पत्र प्रतीक्षायादीची जागा घेऊ शकत नाही, कारण तेथे प्रत्येक नव्या पदासाठी जाहिरात व खुली स्पर्धा अपरिहार्य असते. पत्रामुळे फार तर जाहिरातीची सूचना मिळेल.

या व्यवहाराला कायद्याची चौकट अलीकडे मिळाली. युरोपीय संघाचे विदासंरक्षण नियमन २५ मे २०१८ पासून लागू झाले आणि माहिती आवश्यकतेपेक्षा अधिक काळ ठेवू नये हे तत्त्व भरतीच्या कागदपत्रांनाही लागू पडले. फ्रान्समधील नियामक संस्थेने निवड न झालेल्या उमेदवाराचा परिचय शेवटच्या संपर्कानंतर दोन वर्षांपलीकडे ठेवू नये, असा दंडक सुचविला आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याची योजना आहे. या अधिनियमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण व स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते. ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे असावे लागते. आणि संमती मागे घेतल्यावर किंवा हेतू संपल्यावर, अन्य कायद्याने ठेवणे आवश्यक नसेल तर, माहिती पुसावी लागते. एका पदासाठी केलेला अर्ज त्या पदाच्या हेतूने दिलेला असतो. अन्य पदांसाठी तो राखावयाचा असेल तर त्या हेतूला वेगळी संमती हवी, असा अर्थ यातून निघतो. सौजन्याचे जुने वाक्य आता प्रश्नाच्या रूपात विचारावे लागेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. नाव राखून ठेवण्यासाठी उमेदवाराने द्यावयाचे मोल काळानुसार बदलले : कचेरीत त्याने श्रम दिले, नोंदवहीत नूतनीकरणाचे हेलपाटे घातले, प्रतीक्षायादीत केवळ गुण दिले आणि आजच्या संचात तो स्वतःविषयीची माहिती देतो. मोल हलके होत गेले, परंतु माहिती हे असे मोल आहे की ते दिल्यावर देणाऱ्याला ते उणे झालेले दिसत नाही; म्हणून त्याचा हिशेब अधिक जपून ठेवावा लागतो.

नाव राखणाऱ्यावरील बंधन मात्र फारसे वाढले नाही. कचेरी, सेवायोजन कार्यालय, शासन आणि आयोग यांपैकी कोणीही राखलेल्या नावाला नोकरी देण्याचे वचन दिले नाही, आणि न्यायालयानेही ते वचन निर्माण केले नाही. त्याचे कारण केवळ संस्थांचा स्वार्थ हे नाही. पुढच्या वर्षी येणाऱ्या अपरिचित उमेदवाराचा समान संधीचा हक्क हेही आहे.

खरा बदल तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात झाला. दारातील उमेदवार कंटाळून निघून जाई, नोंदवहीतील नाव मुदत चुकली की आपोआप वगळले जाई, प्रतीक्षायादी नियमाने संपे. नाव काढून घेण्याचा अधिकार ज्याचे नाव त्याच्याकडे आला तो अलीकडेच, संमतीच्या तत्त्वामुळे. निवड समित्यांवर काम करणाऱ्या अध्यापकांच्या हाती दरवर्षी अशा अर्जांचे गठ्ठे येतात. निवड न झालेल्या अर्जदाराला त्याचा अर्ज ठेवावा का, कशासाठी आणि कोठवर, असे लेखी विचारणे, आणि त्याने नाही म्हटल्यास कायद्याने व नियमाने ठेवणे भाग आहे तेवढेच कागद ठेवून बाकीचे परत करणे किंवा नष्ट करणे, एवढी रीत प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या पातळीवर घालून घेता येण्यासारखी आहे.